गोळ्या विसरल्या, बायको नाही

सकाळी निघताना बायको सांगते, "येताना माझ्या गोळ्या आण, संपल्यात." नवरा "आणतो" म्हणतो, तेही मनापासून. रात्री तो रिकाम्या हातांनी परततो आणि दार उघडणाऱ्या बायकोला पाहताक्षणी त्याला गोळ्या आठवतात. तिचा हिशेब मात्र झालेला असतो : जुन्या मॅचचे स्कोअर याला तोंडपाठ, माझ्याच गोळ्या बऱ्या विसरतो!

या हिशेबात दोन स्मृतींची गल्लत आहे. स्कोअर कुणीतरी विचारतं, मग तो आठवतो. गोळ्यांचं तसं नाही. संध्याकाळी डोक्यात दुसरंच काही घोळत असताना, कुणी न विचारता, मेंदूला तो विचार बाजूला सारून काम आठवावं लागतं. पुढे करायच्या कामाच्या या आठवणीला भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. गिल्स आइनस्टाइन (ते भौतिकशास्त्रज्ञ नव्हेत!) आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये ती प्रयोगशाळेत मोजली : माणसाला एका कामात गुंतवायचं आणि ठरावीक शब्द दिसला की बटण दाबायला सांगायचं. बटण दाबायचंय हे माहीत असूनही लोक ऐन वेळी चुकतात.

एडीएचडी, म्हणजे लक्ष ताब्यात ठेवणं अवघड जाणारी मेंदूची स्थिती, असलेल्यांची अनेकदा नेमकी हीच कडी कच्ची असते. सूचना पुसली जात नाही, ती वेळेवर वर येत नाही. बायकोचा चेहरा ही आठवणीची खूणच होती, फक्त दुकान मागे पडल्यावर मिळाली.

मग खरी बेफिकिरी ओळखायची कशी? तो स्वतःचं काय काय विसरतो ते पाहावं. स्वतःची बिलं थकतात, स्वतःच्याच किल्ल्या हरवतात, लहानपणीही असंच होतं, तर प्रश्न लक्षाचा असण्याची शक्यता जास्त. (एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. अपुरी झोप किंवा नैराश्यानेही विसराळूपणा येतो, त्यामुळे ते डॉक्टरांनीच ठरवावं.) स्वतःचं सगळं वेळेवर आणि विसर फक्त तिच्या कामांचा, तर मात्र तिची शंका रास्त आहे. यात एक मेख आहे. आवडीचा विषय डोक्यात आपोआप जागा राहतो. त्यामुळे क्रिकेट आठवतं आणि गोळ्या राहतात, यावरून प्रेमाचं माप काढता येत नाही.

कारण कळलं म्हणून तिचा चुकलेला डोस भरून निघत नाही. "नीट लक्षात ठेव" या सूचनेचाही उपयोग नाही, कारण बिघाड तिथेच आहे. खूण कामाच्या वाटेवर ठेवावी लागते. सांगितल्याक्षणी, तिच्यासमोरच, त्याने गोळ्यांची रिकामी स्ट्रिप रबरबँडने गाडीच्या किल्लीला गुंडाळायची आणि मोठ्याने म्हणायचं, "गाडी सुरू करायला किल्ली हातात घेतली, की आधी औषधाचं दुकान." जर-तर असं बांधलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा अधिक वेळा पार पडतं. हे बांधणं त्याचं काम. तिने दुपारी फोन करून आठवण करायची म्हटलं, तर विसरण्याचा भार तिच्याच डोक्यावर येतो.

आणि गोळ्या आणल्या त्याच दिवशी ती रिकामी स्ट्रिप किल्लीवरून काढायची. तशीच राहिली तर आठवड्याभरात डोळ्यांना तिची सवय होते आणि ती दिसेनाशी होते.