सोडियमच्या पातळ्यांतली ‘तूट’ आली कुठून?

नाशिकमध्ये बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सोडियम लॅम्प लावला की बहुतेक मुलं पिवळ्या जोडरेषेवर थांबतात. तिच्या दोन बाजूंना दोन फिक्या जोड्या असतात: नारिंगी 616 नॅनोमीटरच्या आसपास आणि हिरवी 568च्या आसपास. या लेखाचा सगळा विषय त्या दोन जोड्यांत आहे.

दोन्ही जोड्यांत इलेक्ट्रॉन 3p पातळीवरच येऊन थांबतो. ही पातळी 3.035 इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल आहे. 616ची ऊर्जा 2.013 येते, म्हणजे वरची पातळी 1.02 खोल, आणि ती 5s. हायड्रोजनच्या सूत्रात 13.6ला 1.02ने भागून वर्गमूळ काढलं तर 5 यायला हवं, येतं 3.65. तूट 1.35. इंग्रजीत हिला ‘क्वांटम डिफेक्ट’ म्हणतात. हेच गणित 568.5साठी केलं की 4d पातळी 0.855 खोल निघते आणि वर्गमूळ 3.99 येतं. तूट जेमतेम 0.01. एकाच अणूत s साठी सव्वाच्या वर, d साठी जवळजवळ काहीच नाही.

1890च्या सुमारास स्वीडनमधल्या एका अभ्यासकाने रेषांच्या मालिका सूत्रात बसवताना पूर्णांकाला एक स्थिर अपूर्णांक जोडला. रेषा बसल्या. अपूर्णांक कशामुळे येतो, हे त्या वेळी कुणाला सांगता येत नव्हतं.

खरा गुंता 1920नंतरचा आहे आणि तो क्रमांकांचा आहे. वर्णपट फक्त पातळीचा क्रमांक n वजा तूट δ, म्हणजे n − δ ही वजाबाकी देतो. सोडियमच्या सर्वांत खालच्या s पातळीसाठी ती 1.63 आहे. n किती धरायचा, हे रेषा सांगत नाहीत. जुन्या तक्त्यांत या पातळीला 1 म्हणत, तिच्या वरच्या p पातळीला 2 आणि पहिल्या d पातळीला 3. त्या हिशेबाने तुटी अनुक्रमे −0.63, −0.12 आणि +0.01 येतात. मग अणूची रचना कवचाकवचाने मांडणाऱ्यांनी ठरवलं की आतली दोन कवचं दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेली आहेत, तेव्हा अकरावा तिसऱ्यात जाणार. s आणि p दोन्हींना 3 मिळाले आणि तुटी 1.37, 0.88, 0.01 झाल्या.

वर्णपटात याचा पुरावा नाही, हा त्या वेळचा आक्षेप चुकीचा नव्हता. तरीही मला नवा क्रमांकच योग्य वाटतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर ओढ निदान एका प्रोटॉनएवढी असतेच. आत शिरला तर जास्त. मग त्याची पातळी त्याच क्रमांकाच्या हायड्रोजन पातळीपेक्षा वर कशी असेल? सोडियमची सर्वांत खालची पातळी 5.14 इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल आहे; जुन्या क्रमांकाने तिची तुलना हायड्रोजनच्या 13.6शी होते आणि सोडियमची पकड हायड्रोजनपेक्षा सैल ठरते. नव्या क्रमांकाने ती 1.51शी होते आणि चित्र सुलट होतं.

आत शिरणं किंवा न शिरणं कक्षीय कोनीय संवेगावर ठरतं. हा संवेग सांगणारा क्रमांक l वाढला की केंद्रापासून दूर सारणारा अडथळा l(l+1) प्रमाणे वाढतो. s इलेक्ट्रॉनचा l शून्य, म्हणून त्याला अडथळाच नाही; p, d, f साठी तो 1, 2, 3. s इलेक्ट्रॉन दहा इलेक्ट्रॉनांच्या गाभ्यातून जातो आणि तिथे अकरा प्रोटॉनांची ओढ त्याला अर्धीमुर्धी उघडी दिसते. p काठावरून आत डोकावतो. d बाहेरच राहतो. f साठी उरलेली 0.0016ची तूट तर गाभा किंचित विकृत होण्यातूनच येते.

पुंजयांत्रिकीने तुटीला नेमका अर्थ दिला: गाभ्यामुळे बाहेरच्या लाटेची कला πδ एवढी पुढे सरकते. लाटेत एक निस्पंद वाढला की बाहेरून काहीच फरक कळत नाही, म्हणून पूर्णांक वर्णपटातून निसटतो. आज गाभा वगळून केलेल्या प्रतिरूपांत तो पूर्णांक पुन्हा सोडून देतात, आणि तेही चालतं.

मराठीत ‘डिफेक्ट’ला ‘दोष’ म्हणतात, ते मला खटकतं. अणूत बिघाड काहीच नाही. n मधून वजा होणारी ही रक्कम आहे. हिशेबातला ‘तूट’ हा शब्द तिला नेमका बसतो.

1970नंतर लेझरने मोठ्या n च्या पातळ्या गाठता आल्या आणि d-f मधली अंतरं मायक्रोवेव्हने मोजली गेली. तिथे अडचण विद्युतक्षेत्राची असते: मोठ्या l च्या पातळ्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की भटकं क्षेत्र त्यांना मिसळून टाकतं आणि मोजलेली तूट एकाच l ची राहत नाही.

लॅबमध्ये अडचण साधी आहे. लॅम्प तापेपर्यंत त्यातला निऑन तांबड्या-नारिंगी रेषा देतो, त्यांतल्या 614.3 आणि 616.4 नेमक्या सोडियमच्या नारिंगी जोडीशेजारी पडतात. पिवळा रंग भरून निऑन फिका पडेपर्यंत थांबावं, मग जोडीतलं अंतर तपासावं: सोडियमचं साधारण 0.6 ते 0.7 नॅनोमीटर भरतं. रेषा वाचताना 1 नॅनोमीटरची चूक झाली तर s च्या 1.35मध्ये फक्त 0.006चा फरक पडतो. d मध्ये तीच चूक 0.009ची होते, म्हणजे जवळपास सगळी तूटच तिच्यात बुडते.