ठोके नियमित आहेत, पण झडपा कुठे बसल्या आहेत?

‘ठोके छान ऐकू आले’ म्हणजे बाळाचे हृदय निर्दोष, असे अनेक आईवडील धरून चालतात. ठोक्यांवरून वेग आणि लय कळते, रचना कळत नाही. (त्या वेगावरून मुलगा की मुलगी सांगण्याला तर काहीच आधार नाही.) रचना पाहायची ती साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. त्याआधी हृदय फार लहान असते, आणि दिवस भरत आले की बरगड्यांची सावली चित्रावर पडते.

या सोनोग्राफीत प्रत्येक गर्भाच्या हृदयाचे चार कप्पे पाहतात. त्यात शंका आली, आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असला, आईवडिलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयदोष असला, किंवा पहिल्या तिमाहीत बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी ३.५ मिमी किंवा जास्त भरली, तर हृदयाची सविस्तर तपासणी, म्हणजे फीटल इको, सुचवतात.

चार कप्पे दिसतात ते छातीच्या आडव्या छेदात. हृदयाने छातीची सुमारे एक तृतीयांश जागा व्यापलेली असावी, टोक डावीकडे साधारण ४५ अंशांत वळलेले असावे आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या असाव्यात. जाणकाराची नजर मात्र मधोमध थांबते, जिथे कप्प्यांमधले पडदे आणि दोन झडपा एकत्र येतात. तिथे उजवी झडप डावीपेक्षा किंचित टोकाच्या बाजूला बसलेली असते. फरक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, म्हणून झडपा मिटलेल्या क्षणी चित्र थांबवून तो पाहतात.

समजा, विसाव्या आठवड्यात दोन्ही झडपा एका सरळ रेषेत दिसल्या. हृदय घडताना मध्यभागी समोरासमोरून वाढणाऱ्या ऊती एकमेकींना जुळतात, आणि त्यातूनच पडद्यांचा मधला भाग आणि दोन स्वतंत्र झडपा तयार होतात. त्या जुळल्या नाहीत, तर दोन्ही बाजूंना मिळून एकच झडप राहते, म्हणूनच ती सरळ रेषेत दिसते, आणि तिच्या वर व खाली भोक उरते. अशा वेळी रंगीत डॉपलर लावतात. निरोगी हृदयात रक्ताचे दोन वेगळे प्रवाह खाली उतरताना दिसतात, इथे ते मध्येच एकमेकांत मिसळतात. या दोषाचा डाऊन सिंड्रोमशी जवळचा संबंध असल्याने गर्भजल काढून गुणसूत्रांची तपासणी करण्याबद्दल बोलले जाते. खालचे दोन्ही कप्पे सारख्या आकाराचे असतील, तर जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया करून झडप विभागता येते आणि भोके बुजवता येतात. एक कप्पा खूप लहान राहिला असेल, तर उपचार अवघड होतात.

चार कप्पे ठीक दिसले, तरी काही दोष सुटू शकतात. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झाली असेल, तर चारही कप्पे बहुधा ठीकच दिसतात, कारण दोष असतो तो त्यांच्या वरच्या बाजूला. म्हणून या दोन्ही धमन्या कुठून निघतात आणि एकमेकींना ओलांडून जातात का, हेही पाहावे लागते. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल, तर डॉक्टरांना विचारा. बाळाची पाठ वर असल्याने त्या दिसल्या नसतील, तर थोडे फिरून आल्यावर किंवा काही दिवसांनी पुन्हा बघता येते.