घाणा सुटतो म्हणजे नेमकं काय सुटतं?

भाच्याला शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकायचा आहे. बँकेसाठी करून घेतलेला प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन तो रविवारी आला. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वर्षाला 8,333 लिटर विकलं की ब्रेक इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा, घाणा सुटला. "मामा, एवढं तर पाहुण्यांतच खपेल," म्हणाला. पाहुणे उधारीवर नेतील, हा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवला.

आकडा कसा आला ते आधी बघू. एक लिटर तेलाला त्याने अडीच किलो शेंगदाणे धरले, 130 रुपये किलोने 325 रुपये. पेंड विकून 63 रुपये परत येतात. बाटली, वीज वगैरे 38. म्हणजे लिटरमागे खर्च 300, विक्री 360, हातात 60 रुपये. भाडं आणि पगार वर्षाला 3 लाख. यंत्रं आणि उभारणीचे 10 लाख पाच वर्षांत झिजतात, म्हणून वर्षाचा घसारा 2 लाख. एकूण 5 लाख भागिले 60, झाले 8,333 लिटर.

गणित बरोबर आहे, पण त्यात 10 लाख फुकट मिळालेत. घसारा मुद्दल परत आणतो, तेही पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि पाचव्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाइतकाच मोलाचा धरतो. व्याज 12 टक्के धरलं तर वर्षाने मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत 89 पैसे, पाच वर्षांनी मिळणाऱ्याची 57 पैसे. पाच वर्षं दरवर्षी एक रुपया मिळत गेला, तर त्या पाचांची आजची किंमत मिळून फक्त 3 रुपये 60 पैसे होते. म्हणून 10 लाख खऱ्या अर्थाने वसूल व्हायला वर्षाला 2 लाख नव्हे, 2 लाख 77 हजार उरायला हवेत. भाड्या-पगाराचे 3 लाख मिळवून 60 ने भागा: 9,623 लिटर. इथे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांच्या आजच्या किमतीतून घातलेलं भांडवल वजा करून उरतं ते, शून्य होतं. 8,333 आणि 9,623 यांच्या मधल्या पट्ट्यात वहीत नफा दिसतो आणि प्रत्यक्षात पैसा झिजत असतो.

मोठमोठ्यांचीही हीच गफलत होते. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी 1971 मध्ये अमेरिकी काँग्रेसकडे 25 कोटी डॉलरच्या कर्जहमीची मागणी झाली, तेव्हा सुमारे 200 विमानं विकली की प्रकल्प सुटेल असं सांगितलं गेलं. 1973 मध्ये अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट यांनी भांडवलाचा खर्च धरून हिशेब मांडला, तर आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला. विमानं बनली एकूण 250, आणि प्रकल्प तोट्यातच गेला.

भाच्याचा अंदाज 12,000 लिटरचा आहे. कर सोडून दिला तर त्या विक्रीला वर्तमान मूल्य 5 लाख 14 हजार अधिक येतं. छान. आता एकेक आकडा हलवून बघू, बाकीचे जागच्या जागी ठेवून. यालाच संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. विक्री 10 टक्के घटली तरी अडीच लाख उरतात. भाडं-पगार 10 टक्के वाढले तर चार लाखांवर उरतात. पण शेंगदाणा 10 टक्के महागला, 130 चा 143 झाला, की मूल्य उणे 8 लाख 92 हजार! कारण वाढलेले साडेबत्तीस रुपये थेट त्या साठातून जातात. लिटरमागे उरतात साडेसत्तावीस, आणि ब्रेक इव्हन 9,623 वरून थेट 21,000 लिटरच्या आसपास जाऊन बसतो. तेव्हा तो बिंदू दगडावरची रेघ नाही, भावाबरोबर पळतो. (घाणा कोणत्या मुहूर्तावर सुरू करायचा हे भाच्याने गुरुजींना विचारलंय. शेंगदाण्याच्या गेल्या पाच वर्षांच्या भावाचा कागद मात्र फाइलमध्ये नाही.)

तरीही उणे नऊ लाख बघून घाबरू नये, कारण बाजारात एकच आकडा एकटा कधी हलत नाही. शेंगदाणा महागला तर आपणही भाव वाढवू, काही गिऱ्हाईक तुटेल. ही सगळी गोष्ट एकत्र मांडली की ती परिस्थिती, म्हणजे सिनॅरिओ. समजा भाव 385 केला आणि विक्री 10,200 वर आली. मूल्य उणे दीड लाख. आता त्यातच पेंडीचाही भाव 10 टक्के चढला, लिटरमागे 6 रुपये 30 पैसे जास्त आले, तर मूल्य अधिक 81 हजार! रिपोर्टातले 'आशावादी, मध्यम, निराशावादी' हे तीन रकाने मात्र सगळे आकडे सरसकट 10 टक्क्यांनी वर-खाली करून भरले होते. त्यात शेंगदाणा आणि पेंड यांचं नातं कुठेच नाही.

भाचा सोमवारी पशुखाद्याच्या दुकानात गेला, पेंडीचे जुने भाव विचारायला.