लॅमोट्रिजिन आणि गर्भनिरोधक गोळ्या: डोस तोच, रक्तातली पातळी निम्मी

लॅमोट्रिजिन फिट्ससाठी दिलं जातं, तसंच बायपोलर आजारातल्या नैराश्याचे झटके लांबवण्यासाठीही. बायपोलरमध्ये नेहमीचा डोस दिवसाला २०० मिलिग्रॅम असतो आणि तिथे पोहोचायला सुमारे सहा आठवडे लागतात. एवढा वेळ पोटाला किंवा मेंदूला सवय व्हावी म्हणून घेतात, असा अनेकांचा समज असतो. खरं कारण त्वचा आहे. सुरुवातीचा डोस मोठा असला किंवा पुढची वाढ घाईने झाली, तर शरीराची प्रतिकारशक्ती या औषधावर उलटण्याची शक्यता बरीच वाढते.

लॅमोट्रिजिनवर परिणाम करणारं दुसरं औषध चालू नसेल, तर मोठ्या माणसात पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे रोज ५० मिलिग्रॅम, पाचव्या आठवड्यात १०० आणि सहाव्यात २०० असा क्रम असतो. फिट्समध्ये पाचव्या आठवड्यापासूनची वाढ डॉक्टर थोडी वेगळी ठेवतात, पण पहिले चार आठवडे तेच. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं दुसरं औषध चालू असेल तर हा वेग चालत नाही. यकृत जी वाट वापरून लॅमोट्रिजिन शरीराबाहेर काढतं, तीच व्हॅल्प्रोएट अडवतं. मग एकच गोळी रक्तात दुपटीहून जास्त वेळ टिकते. म्हणून अशा वेळी सुरुवात दिवसाआड २५ मिलिग्रॅमने होते. दिवसाआड गोळी घेणं विसरायला सोपं असतं, त्यामुळे कॅलेंडरवर खुणा केलेल्या बऱ्या.

साधं पुरळ या औषधाने शंभरातल्या साधारण दहा जणांना येतं आणि त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. गंभीर प्रकार मोठ्या माणसांत दर हजारी एक ते तीन जणांत दिसतो, मुलांमध्ये त्याहून जास्त. अडचण अशी की पहिल्या दिवशी दोन्हींत फरक करणं डॉक्टरांनाही कठीण जातं. म्हणून पहिल्या आठ आठवड्यांत कुठलंही नवं पुरळ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं आणि बोलणं होईपर्यंत पुढचा डोस घेऊ नये. फिट्स असणाऱ्यांनी तर हे बोलणं लांबवूच नये, कारण औषध एकदम थांबलं की फिट येण्याचा धोका असतो. पुरळ उठलेल्या जागेचा फोटो काढून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी ते पसरलं की नाही हे नक्की कळतं. अॅलर्जीची गोळी घेऊन वाट पाहत बसण्यात मात्र मोठी चूक आहे. खाज कमी होते आणि धोक्याची खूणही झाकली जाते.

पुढच्या खुणांपैकी काहीही दिसलं तर फोनवर थांबू नये, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं: पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा गुप्तांगावर फोड वा जखमा, लाल आणि चुरचुरणारे डोळे, त्वचेला नुसता स्पर्श झाला तरी दुखणं, फोड येणं किंवा कातडी सोलवटणं, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी. पुरळ नसतानाही ताप, गाठी आणि डोळ्यांत पिवळेपणा एकत्र आले तर हे औषध आतल्या अवयवांवर उलटलेलं असू शकतं. पहिल्या दोन महिन्यांत नवा साबण, नवं क्रीम किंवा दुसरं नवं औषध शक्यतो सुरू करू नये, असं बरेच डॉक्टर सांगतात. त्यामुळे पुरळ टळेलच असं नाही, पण आलं तर कशामुळे आलं याचा गोंधळ होत नाही.

जुने रुग्णही एका ठिकाणी हमखास चुकतात. औषध पाच दिवसांहून जास्त सुटलं, तर पुन्हा जुना २०० मिलिग्रॅमचा डोस घेता येत नाही. तेवढ्या दिवसांत औषध शरीरातून जवळजवळ निघून गेलेलं असतं, आणि परत २५ पासून पायऱ्या चढाव्या लागतात. कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन सोबत असेल तर ही मुदत सुमारे तीन दिवसांवर येते, कारण ती औषधं लॅमोट्रिजिन लवकर बाहेर काढतात.

आता गर्भनिरोधक गोळ्यांकडे येऊ. यकृतात यूजीटी नावाचं एन्झाइम लॅमोट्रिजिनला साखरेसारखा एक रेणू जोडतं आणि मग ते लघवीवाटे जातं. नेहमीच्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये इथिनाइल इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन असतं आणि ते याच एन्झाइमचं काम वाढवतं. परिणामी लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी साधारण निम्म्यावर येते. इस्ट्रोजेन असलेली योनीत बसवायची रिंग किंवा त्वचेवरचा पॅच वापरणारीनेही हेच लक्षात ठेवावं.

समजा, एका स्त्रीला रोज २०० मिलिग्रॅमवर दीड वर्ष फिट आलेली नाही. सकाळच्या डोसआधी तपासलं, तेव्हा तिच्या रक्तात लिटरमागे ८ मिलिग्रॅम औषध होतं. तिने मिश्र गोळ्या सुरू केल्या. एक-दोन आठवड्यांत तीच पातळी ४ च्या आसपास आली आणि महिन्याभरात फिट आली. एकही डोस चुकला नव्हता, म्हणून तिला आणि घरच्यांना वाटलं की औषधाचा उपयोग संपला. डॉक्टरांनी आठवड्याला ५० मिलिग्रॅमने वाढवत डोस ४०० वर नेला आणि पातळी परत ८ झाली.

पण गोळ्यांच्या २१ दिवसांनंतर सात दिवस रिकामे किंवा औषध नसलेल्या गोळ्यांचे असतात. इस्ट्रोजेन थांबलं की एन्झाइमचा वेग काही दिवसांतच उतरतो, आणि सातव्या दिवसापर्यंत पातळी जवळजवळ दुप्पट होऊ शकते. म्हणजे हिच्या बाबतीत १५-१६. त्या दिवसांत एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, मळमळ, गरगरणं सुरू होतं. नवं पाकीट सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत सगळं ओसरतं. महिन्याच्या ठरावीक आठवड्यातच चक्कर येते असं कोणी सांगितलं, तर आधी हे तपासायला हवं, मायग्रेन किंवा पाळीचा त्रास समजून सोडून देऊ नये.

यावर सरळ उपाय म्हणजे मधला खंड न ठेवता गोळ्या सलग घेणं, त्यामुळे पातळी खालीवर होत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे इस्ट्रोजेन नसलेलं साधन: तांबी किंवा गर्भाशयात बसवायचं, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असलेलं साधन. त्यांच्याने लॅमोट्रिजिनची पातळी फारशी बदलत नाही. फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असलेल्या गोळ्यांचा पर्याय डॉक्टरांना विचारून ठरवावा. मिश्र गोळ्यांवर असताना मध्येच रक्त जाऊ लागलं तर तेही सांगावं, कारण लॅमोट्रिजिन गोळीतल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या दुसऱ्या संप्रेरकाची पातळी थोडी उतरवतं.

दोन गोष्टींत मात्र नेहमी गल्लत होते. आधीपासून मिश्र गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला लॅमोट्रिजिन सुरू करायचं असेल, तरी सुरुवातीच्या पायऱ्या त्याच राहतात. पातळी निम्मी होणार म्हणून पहिल्या आठवड्यात दुप्पट डोस घेणं म्हणजे पुरळाला आमंत्रण. फरक पडतो तो शेवटच्या कायमच्या डोसमध्ये. आणि कधी गर्भनिरोधक थांबवायचं ठरलं, तर आधी डॉक्टरांना कळवावं, कारण लॅमोट्रिजिनही हळूहळू खाली आणावं लागतं. नाहीतर तेच ४०० मिलिग्रॅम आठवड्याभरात दुप्पट काम करू लागतील.

रक्त तपासताना वेळ सारखीच असायला हवी: सकाळचा डोस घेण्याआधी, आणि गोळ्यांच्या चक्रातल्या त्याच दिवशी. पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यातला आकडा आणि रिकाम्या आठवड्याच्या अखेरीचा आकडा शेजारी ठेवले, तर डोस चुकला नसतानाही तो चुकल्यासारखा दिसतो.