भाजल्यावर वीस मिनिटं नळाखाली

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा प्रथमोपचाराची सरकती चित्रं आली. त्यात 'भाजल्यावर थंड पाणी लावा' एवढंच होतं. किती वेळ, ते नाही. खाली लगेच एका काकांचा सल्ला आला, टूथपेस्ट लावा. खरी गोम त्या वेळेतच आहे.

समजा, लोकल गाठायच्या घाईत उकळता चहा मनगटावर सांडला. चहा ओघळून गेला तरी उष्णता कातडीत शिरलेली असते, आणि ती आतल्या थरांना भाजत राहते. जॅक्सन या शल्यविशारदाने 1953 मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. अगदी केंद्रातल्या पट्ट्यातल्या पेशी मेलेल्याच असतात. सगळ्यात बाहेरचा पट्टा फक्त लाल होतो आणि आपला आपण बरा होतो. या दोहोंमधला पट्टा मात्र काठावर असतो: तिथला रक्तप्रवाह मंदावलेला असतो, पेशी जिवंत असतात, पण पुढच्या काही तासांत त्या मरूही शकतात. आपण पाणी ओततो ते त्यांच्यासाठी.

म्हणून आधी बांगड्या, घड्याळ काढा, कारण पुढे सूज येते. मग मनगट वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. आपल्याकडे पाणी सकाळीच जातं. तसं झालं तर पिंपातलं स्वच्छ पाणी मगाने ओतत राहा. थोडा उशीर झाला म्हणून सोडू नका, तीन तासांपर्यंत उपयोग होतो. बर्फ नको: त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्या काठावरच्या पट्ट्याचंच रक्त तुटतं. टूथपेस्ट, तूप, हळद यांनी उष्णता निघत नाही, उलट डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. फोड फोडू नका, चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने सैल झाका.

जखम पांढरी, चामड्यासारखी किंवा काळी पडली आणि दुखतच नसेल तर हायसं वाटून घेऊ नका. तिथल्या संवेदना वाहणाऱ्या नसाच जळलेल्या असू शकतात. अशी जखम, रुग्णाच्या बोटांसकट तळहाताहून मोठी जखम, चेहरा, हात-पाय, सांधे किंवा गुप्तांगावरचं भाजणं, वीज किंवा रसायनाने भाजणं, लहान मूल किंवा वृद्ध: यांपैकी काहीही असेल तर रुग्णालय गाठा. धूर छातीत गेला असेल, श्वास लागत असेल तर थेट 108. भाजलेला भाग मोठा असेल तर बाकीचं अंग पांघरुणाने उबदार ठेवा, लहान मुलं पटकन गारठतात.

विळीने बोट कापलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं घट्ट दाबा. मध्येच उचलून बघण्याची खोड सोडा, नुकती धरू लागलेली गुठळी त्याने निघते. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुऊन पट्टी लावा. दहा मिनिटांनीही थांबत नसेल, रक्ताची चिळकांडी उडत असेल, कडा उघड्या राहत असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल तर डॉक्टर हवाच. आत काच रुतली असेल तर ती उपसू नका, दाब तिच्या दोन्ही बाजूंनी द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तेही डॉक्टरांना सांगा.