पॉवर बँकेच्या पाठीवरची बारीक अक्षरं

दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएचचा फोन दोनदा भरेल, हा हिशोब दुकानात सर्रास सांगितला जातो. प्रत्यक्षात फोन एकदा पूर्ण भरतो आणि दुसऱ्या वेळी चाळीस टक्क्यांच्या आसपास बँक संपते. कंपनीने फसवलं असंच काही नाही. व्होल्ट वेगळे असले की नुसत्या एमएएचची तुलना करून उपयोग नसतो; तुलना वॅट-तासांत करायची.

बँकेतले सेल साधारण ३.७ व्होल्टचे असतात. दहा हजार एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास; त्याला ३.७ ने गुणलं की ३७ वॅट-तास. फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची धरली तर तिला १९ वॅट-तास लागतात. बँकेला ते ३.७ व्होल्ट चढवून ५ किंवा ९ करावे लागतात, फोन ते पुन्हा उतरवून घेतो, आणि या चढउतारात जवळपास पाव ऊर्जा उष्णता होऊन जाते. उरलेल्या २७-२८ वॅट-तासांत फोन सुमारे १.४ वेळा भरतो. म्हणून खोक्यावरच्या ठळक आकड्याऐवजी मागे बारीक अक्षरांत छापलेली ‘रेटेड कपॅसिटी’ वाचा. ५ व्होल्टला ती सहा हजारांच्या आसपास लिहिली असेल, तर तो आकडा प्रामाणिक आहे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘एक लाख एमएएच’वाल्या बँकांना मात्र वजनकाटा लावावा. तेवढ्या क्षमतेला साधारण तीस दंडगोल सेल लागतील आणि नुसत्या सेलचंच वजन १.४ किलोच्या आसपास भरेल. तीनशे ग्रॅमच्या डबीत ते मावणं शक्य नाही.

आता वेग. समजा तुमचा फोन २५ वॅटवर चार्ज होणारा सॅमसंग आहे आणि बँकेवर २२.५ वॅट लिहिलंय. आकडे जवळचे वाटतात, पण २२.५ हा आकडा बहुधा ह्युआवेच्या पद्धतीचा असतो आणि ती भाषा या फोनला येत नाही. मग दोघांना समान येणाऱ्या, कमी वेगाच्या पद्धतीवर काम भागवावं लागतं. या फोनला हवी असते पीपीएस नावाची पद्धत, आणि ती काय करते हे समजून घेण्यासारखं आहे.

सी टाइप केबल जोडली की आधी बोलणी होतात. बँक आपल्याकडचे व्होल्ट-अँपिअरचे पर्याय कळवते, फोन त्यातला एक मागतो, बँक होकार देते आणि मगच व्होल्टेज चढतं. साध्या पीडीमध्ये, म्हणजे सी टाइपच्या सर्वसामान्य वेगवान चार्जिंग पद्धतीत, हे पर्याय ५, ९, १५ व्होल्ट असे ठरलेले असतात. फोनने ९ व्होल्ट घेतले, तर ते बॅटरीच्या चार व्होल्टांपर्यंत त्यालाच उतरवावे लागतात आणि फोन तापतो. पीपीएसमध्ये फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी नेमकं हवं तेवढंच मागू शकतो. अशा अनेक फोनमध्ये येणारं व्होल्टेज थेट निम्मं करणारं सर्किट असतं. बॅटरी ३.९ व्होल्टला असेल तर फोन ७.८ च्या किंचित वर मागतो, बॅटरी ४.१ वर गेली की मागणी ८.२ च्या थोडी पुढे सरकवतो. निम्मं करण्यात ऊर्जा फार थोडी वाया जाते. बारीक जुळवाजुळव बँकेतच होते, आणि फोन कमी तापत असल्यामुळे त्याला जास्त वीज घेता येते.

म्हणून लेबलवर पुढच्यासारखी ओळ शोधा:

```
PPS: 3.3-11V⎓2.25A
```

ती नसेल आणि नुसतं `9V⎓2.22A` असेल, तर तुमच्या वाट्याला वीसच्या आतबाहेर वॅट येतील. घरी तपासणंही सोपं आहे. फोन निम्म्याहून कमी भरलेला असताना जोडा. स्क्रीनवर ‘Super fast charging’ आलं तर जोडी जमली. त्याच वेळी दुसऱ्या पोर्टला इअरबड लावले, तर बऱ्याच बँका दोन्हीकडे ५ व्होल्टवर येतात आणि वेग पडतो. तो बिघाड नव्हे. ६७ किंवा ८० वॅटच्या फोनांची पद्धत त्या त्या कंपनीची असते; अशा वेळी तुमचा फोन पीडीवर किती वॅट घेतो ते बघून बँक निवडा.

विमानातही वॅट-तासच मोजले जातात. मर्यादा १०० वॅट-तासांची. वीस हजारांची बँक ७४ ची, सत्तावीस हजारांची ९९.९ ची, तीस हजारांची १११ ची होते आणि तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात. बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, कारण सामानाच्या कप्प्यात सेल पेटला तर तिथपर्यंत कुणी पोचू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एअर बुसानचं विमान गिमहे विमानतळावर जळाल्यानंतर दक्षिण कोरियाने डोक्यावरच्या कप्प्यातही ती ठेवायला बंदी केली. दुबईला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच बँक आणि तीही विमानात न वापरता, असा नियम केला आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या बँकेवर बीआयएसचं चिन्ह आणि `R-` पुढे आठ आकडे हवेत. ‘BIS Care’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव येतं. ते बँकेवरच्या नावाशी ताडून पाहा. आणि जुनी बँक सपाट टेबलावर ठेवून बोटाने ढकला. एरवी सपाट असलेली पाठ डुगडुगली किंवा बँक भोवऱ्यासारखी फिरली, तर आत वायू धरून सेल फुगलाय. तिला टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा केंद्रावर द्या.