हळदीचा डाग लाल झाला म्हणून त्यावर ब्लीच ओतू नका

सणावारात आणि लग्नसराईत आमच्या लाँड्रीत एक तक्रार हमखास येते. रंगीत सुती कुर्ता किंवा साडी, त्यावर आमटीचा नाहीतर हळदीचा डाग, आणि डागाभोवती पांढरट चट्टा. डाग आम्ही बहुतेक वेळा काढू शकतो. चट्टा म्हणजे कापडाचा रंगच गेलेला असतो. तो धुऊन परत येत नाही, रंगाऱ्याकडेच जावं लागतं.

हा चट्टा पडतो तो क्लोरिनच्या ब्लीचने. उग्र वासाचं, पातळ, बाटलीत मिळणारं हे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते डागही खातं आणि कापडाचा रंगही. ऑक्सिजन ब्लीच ही पांढरी, दाणेदार पावडर असते आणि पुड्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. पाण्यात पडल्यावर तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. पक्के सुती रंग सहसा तिला टिकतात. मात्र पावडर आहे म्हणजे ऑक्सिजनचंच असेल असं समजू नका. पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडरही क्लोरिनचीच असते.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. हळद सोड्याला लागली की लाल होते, हे साबण लावताना तुम्ही पाहिलंच असेल. ऑक्सिजन ब्लीचमध्ये सोडा असतोच, त्यामुळे कपडा भिजवल्यावर पिवळा डाग आधी लालसर दिसतो. लोक घाबरतात, पावडर बिघडली म्हणतात आणि त्याच डागावर बाटलीतलं ब्लीच ओततात. तो लालपणा तात्पुरता असतो. थांबायचं, एवढंच काम असतं.

समजा निळ्या सुती कुर्त्यावर आमटी सांडली आहे. आधी आतल्या शिवणीवर तपासा. चिमूटभर पावडर दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून तिथे लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पांढरा रुमाल दाबून बघा. रुमालाला निळा रंग लागला किंवा शिवण फिकी पडली, तर कुर्ता भिजवू नका, आमच्याकडे आणा. रंग लागला नाही तर प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाणी घ्या. ते आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त गरम, साधारण 45 अंश असावं. त्यात दोन मोठे चमचे पावडर पूर्ण विरघळल्यावरच कुर्ता बुडवा. दाणा कापडावर तसाच राहिला तर तिथे ठिपका पडू शकतो. दोन ते चार तास भिजू द्या, खळबळून धुवा आणि उन्हात वाळत घाला. हळदीचा उरलासुरला पिवळेपणा ऊन काढतं. थंड पाण्यात अर्धा तास ठेवून 'काही झालं नाही' असं म्हणू नका. थंडाव्यात ही पावडर फार हळू काम करते. उरलेलं पाणी झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका, गॅसने बाटली फुटू शकते.

क्लोरिनचं ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना वापरा: चादरी, बनियन, पंचे. 10 लिटर थंड पाण्यात चार मोठे चमचे मिसळा, मग कपडे टाका, दहा मिनिटांत बाहेर काढा आणि तीन पाण्यांतून धुवा. वास राहिला तर आणखी एकदा. नीट न धुतलेलं कापड काही दिवसांत विरतं आणि इस्त्री करताना फाटतं. रेशीम, लोकर आणि लायक्रा यांना ते लावूच नका. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढरे कपडे त्याने उलट पिवळे पडतात. तिथे ऑक्सिजन ब्लीचच बरं. रेशीम आणि लोकर यांना मात्र तेही चालत नाही.

क्लोरिनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेलं क्लीनरही त्याच्याजवळ आणू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

कपड्यावरच्या लेबलात रिकामा त्रिकोण असेल तर कुठलंही ब्लीच चालतं. आत दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनचं, फुली असेल तर कुठलंच नाही.

काउंटरवर 'घरी काय लावलं होतं?' असं आम्ही विचारतो ते दोष द्यायला नाही. त्यावरून पुढचं औषध ठरतं. घाईघाईत चुकीचं टाकण्यापेक्षा एक दिवस जास्त लागलेला परवडतो, म्हणून डागाचे कपडे आम्ही उद्याच्या बोलीवर घेत नाही. शिवणीची तपासणी आम्ही मोफत करून देतो. घरी करायचं असेल तर ऑक्सिजन ब्लीचचा छोटा पुडा, मापाच्या चमच्यासह, काउंटरवर मिळेल. आणि डाग ताजा असेल तर घरी काहीही न लावता, साधं पाणी टिपून त्याच दिवशी आणा.